मुरूम बसले, पण काळे डाग आठ महिन्यांनंतरही का जात नाहीत? नक्की कोणते घटक लावावेत?

मृदुला_क
९ जून, रात्री १०:४०

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझ्या हनुवटीवर आणि जबड्याच्या दोन्ही कडांना एकापाठोपाठ मुरूम आले. डिसेंबरअखेर ते बसले, परंतु त्यांच्या जागी सात डाग राहिले आणि ते आजही तसेच आहेत. बोट फिरवले तर त्वचा सपाट लागते, खड्डा किंवा उंचवटा कुठेही नाही. पाच डाग तपकिरी आहेत. उजव्या जबड्याखालचे दोन मात्र राखाडीकडे झुकणारे आहेत. माझे वय २६, वर्ण गडद गव्हाळ.

सध्या मी सकाळी २० टक्क्यांचे व्हिटॅमिन सी सीरम आणि त्यावर १० टक्क्यांचे नायसिनामाइड लावते, रात्री ग्लायकोलिक अॅसिड लावते, आठवड्यातून दोनदा अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब वापरते आणि तोंड कोजिक अॅसिडच्या साबणाने धुते. नोकरीसाठी रोज हडपसरहून हिंजवडीला दुचाकीने जाते, त्यामुळे चेहऱ्याला स्कार्फ बांधलेला असतोच. म्हणून वेगळे सनस्क्रीन मी लावत नाही.

एवढे सगळे करूनही डाग का टिकतात, हे मला समजून घ्यायचे आहे. आणखी कोणता घटक वाढवावा, तेही सांगावे.

गोदातीर
९ जून, रात्री ११:२५

मृदुला, हा काळा रंग त्वचेच्या वरच्या थरात असतो आणि तो थर मृत पेशींचा बनलेला असतो. त्या पेशी निघाल्या की त्यांच्याबरोबर रंगही निघतो. त्यामुळे तू स्क्रब करतेस ते योग्यच आहे, फक्त आठवड्यातून दोनदा पुरेसे नाही. आमच्या घरी मसुराचे पीठ, दूध आणि अर्धे लिंबू असा लेप रोज लावून तो हलक्या हाताने चोळून काढण्याची पद्धत होती. त्यात कोणतेही रसायन नाही आणि खर्चही नाही.

सागर_सोलापूर
१० जून, सकाळी ७:१०

मलाही मुरुमांनंतर हाच त्रास झाला होता. मी सुईचे रोलर आणि लेसर मिळून चार बैठका केल्या आणि गालांवरचे खड्डे बरेच भरून आले. तुम्ही क्रीममध्ये वेळ घालवू नका, थेट लेसर करून घ्या.

वैशाली_त्वचारोग
१० जून, दुपारी २:०५

मी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. या प्रश्नाची दोन उत्तरे येथे आली आहेत, त्यांतील एक वेगळ्याच तक्रारीचे आहे आणि दुसरे अर्धे बरोबर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सागर, तुमचे खड्डे भरून आले याचा आनंद आहे, परंतु खड्डा म्हणजे त्वचेच्या आतील आधाराचीच झीज. मृदुलाची त्वचा सपाट आहे. तिच्याकडे फक्त रंग साठला आहे. खड्ड्यांसाठी जी इजा मुद्दाम केली जाते, तीच इजा आपल्यासारख्या गडद वर्णात नवा काळा डाग निर्माण करू शकते. लेसरनंतर डाग वाढलेले रुग्ण माझ्याकडे येतात. त्यामुळे सपाट डागांवर लेसर हा पहिला उपाय मानता येत नाही.

आता डाग का टिकतो ते पाहू. मुरूम म्हणजे त्वचेतील दाह. त्या दाहात जी रसायने बाहेर पडतात, ती रंग तयार करणाऱ्या पेशींना चेतवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. आपल्याकडे त्या अधिक तत्परतेने आणि अधिक प्रमाणात रंग बनवतात, एवढाच फरक. तयार झालेला रंग आजूबाजूच्या पेशींना दिला जातो आणि त्या पेशी हळूहळू वर सरकत शेवटी गळून पडतात. या प्रवासाला तरुण वयात साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे वाचून असे वाटेल की मग डाग दीड महिन्यात जायला हवा. तो जात नाही, कारण खालच्या पेशी शांत झालेल्या नसतात. वरून रंग गळत असतो आणि खालून भरला जात असतो. गोदातीर यांनी सांगितलेली गोष्ट येथपर्यंत खरी आहे की रंग वरच्या थरात असतो, परंतु तो वरून खरवडताना आपण जो दाह करतो, त्याने खालची भर आणखी वाढते.

दुसरी शक्यता अधिक अवघड आहे. मुरूम खोल असेल किंवा तो दाबून फोडला असेल, तर वरच्या थराचा तळ दुखावतो आणि रंग त्याखाली सांडतो. तेथे सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात आणि तशाच बसून राहतात. मेंदी आणि गोंदण यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. मेंदी वरच्या पेशींत असते म्हणून पंधरा-वीस दिवसांत उतरते. गोंदण खाली असते म्हणून आजीच्या हातावर जन्मभर दिसते. वरचा डाग तपकिरी दिसतो आणि खाली उतरलेला राखाडी किंवा निळसर. मृदुला, तुमचे राखाडी दोन डाग याच कारणाने इतरांपेक्षा हट्टी असावेत, असा माझा अंदाज आहे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ते दोन मुरूम तुम्ही फोडले होते का? चेहरा साध्या पाण्याने धुतल्यावर चुरचुरतो का? आणि स्कार्फची गाठ नेमकी कोठे येते?

मृदुला_क
१० जून, रात्री ९:३०

डॉक्टर, मनापासून आभार. होय, ते दोन्ही मी फोडले होते. एका कौटुंबिक लग्नाच्या आदल्या रात्री. चेहरा धुतल्यावर पाच-सात मिनिटे चुरचुरतो आणि नाकाच्या बाजूला साल निघते. औषध काम करत असल्याची ती खूण आहे असे मी समजत होते. स्कार्फ कानांवरून हनुवटीखाली घेऊन मागे बांधते आणि हेल्मेटचा पट्टा त्यावर येतो. तुम्ही विचारल्यावर आरशात पाहिले, तर सातपैकी पाच डाग अगदी त्या पट्ट्याच्या रेषेत आहेत.

रेवा_अमरावती
१० जून, रात्री १०:१५

माझा अनुभव येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. मला असेच डाग होते. घराजवळच्या औषधांच्या दुकानातून मी एक ट्यूब आणली. दुकानदाराने ती स्वतःहून दिली, कोणी चिठ्ठी मागितली नाही. दोन आठवड्यांत डाग इतके फिके झाले की मी तीच ट्यूब मैत्रिणींनाही सुचवली. चार महिने लावली. नंतर एक दिवस जरी चुकला तरी चेहरा लालभडक होऊन आग व्हायची, गालांवर बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली आणि एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्यांचे पुंजके आले. ट्यूबवर तीन नावे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. त्यांतील तिसरे नाव स्टेरॉइडचे आहे, हे मला फार उशिरा कळले. बरे व्हायला वर्ष गेले.

वैशाली_त्वचारोग
११ जून, दुपारी १:५०

रेवा, तुम्ही हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. या तिहेरी मिश्रणाचा मूळ नमुना १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या क्लिगमन यांच्या सूत्रात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांसाठी आणि ठरावीक रुग्णांत ते आजही वापरले जाते. गफलत अशी होते की स्टेरॉइड दाह दाबते, म्हणून पहिले पंधरा दिवस परिणाम डोळ्यांत भरतो आणि ट्यूब घरात फेस क्रीम म्हणून राहते. मोमेटासोन हे चेहऱ्याच्या पातळ त्वचेसाठी बरेच तीव्र आहे. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये आणली, तरी दुकानाच्या काउंटरवर काय घडते ते आपण पाहतोच. ज्यांनी अशी ट्यूब अनेक महिने लावली आहे, त्यांनी ती एका दिवसात बंद करून घरी बसू नये. डॉक्टरांना दाखवून उतरवावी.

कोणतीही ट्यूब उलटी करून नावे वाचा. शेवटी ‘सोन’ येणारे नाव दिसले, मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, किंवा क्लोबेटासोल दिसले, तर ती डागांची ट्यूब म्हणून स्वतःच्या मनाने लावायची नाही. आणि ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, ती हातातही घेऊ नये. २०२३ मध्ये अकोल्यात एका कुटुंबातील स्त्रियांना गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे वृत्त आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पारा रंग बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून त्वचा खरोखर उजळते, आणि नेमके त्यामुळेच लोकांचा त्या डबीवर विश्वास बसतो.

मृदुला, तुमच्या उत्तरांवरून चित्र बरेच स्पष्ट झाले. चुरचुरणे आणि साल निघणे ही गुणाची खूण नाही. तुमची त्वचा आत्ता दाहात आहे, आणि तो दाह पाच उत्पादने व हेल्मेटचा पट्टा मिळून रोज चालू ठेवत आहेत. म्हणून घटक वाढवण्याआधी तीन आठवडे सगळे बंद करा. साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढेच ठेवा. पट्ट्याखाली मऊ, रोज धुतलेली सुती पट्टी घ्या आणि गाठ जबड्यावरून हलवा. पाण्याने चुरचुरणे थांबले की पुढचे बोलू.

मेधा_औषधनिर्माण
११ जून, रात्री ८:२०

मी कोल्हापूरला औषधनिर्माणशास्त्र शिकवते. डॉक्टरांच्या म्हणण्यात भर म्हणून दोन घटकांविषयी लिहिते, कारण सर्वाधिक पैसे त्यांच्यावर खर्च होतात.

नायसिनामाइड रंग तयार होणे थांबवत नाही. रंग बनवणाऱ्या पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जी रंगाची पुडकी दिली जातात, त्या देवाणघेवाणीत ते अडथळा आणते. हे काम ४ ते ५ टक्क्यांत होते. १० टक्के म्हणजे दुप्पट परिणाम, असे मानायला आधार नाही; काहींचा चेहरा मात्र त्या प्रमाणाने लाल होतो. त्यामुळे मृदुला, तुमचा घटक वाईट नव्हता, मात्रा अनाठायी होती.

व्हिटॅमिन सीचे शुद्ध रूप फार चंचल असते. हवा आणि उजेड लागला की ते बिघडते. बाटलीतील द्रव आणला तेव्हा पाण्यासारखा होता आणि आता चहासारखा झाला असेल, तर ते लावण्यात अर्थ नाही. शिवाय ते त्वचेत उतरावे म्हणून द्रावण बरेच आम्लधर्मी ठेवावे लागते, त्याचीच चुरचुर होते. डागांवर त्याचा उपयोग होतो, पण दुखावलेल्या त्वचेवर ते पहिले औषध नव्हे.

लिंबाविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे, आणि गोदातीर, यात तुमच्या घरच्या पद्धतीचा अनादर नाही. लिंबाच्या रसाचा आणि विशेषतः सालीतील तेलाचा अंश त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडले, तर त्यातील द्रव्ये उन्हातील किरणांशी मिळून त्वचा भाजतात. एक-दोन दिवसांनी लाली किंवा फोड येतात आणि मागे तपकिरी डाग राहतो. सरबतासाठी भरपूर लिंबे पिळून उन्हात वावरलेल्यांच्या हातांवर असे ओघळाच्या आकाराचे डाग मी पाहिले आहेत.

गोदातीर
१२ जून, सकाळी ६:५५

ओघळाचे डाग मीही पाहिले आहेत. माझ्या वहिनीच्या मनगटावर लोणच्याच्या दिवसांत आले होते आणि आम्ही ते उष्णतेचे समजलो होतो. लिंबाचा सल्ला मी मागे घेतो. मसुराच्या पिठाविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. न चोळता, ओले असतानाच धुऊन टाकले तर ते साबणापेक्षा सौम्य असते, असा माझ्या घरातील तीन पिढ्यांचा अनुभव आहे.

वैशाली_त्वचारोग
१२ जून, दुपारी २:३०

न चोळता धुण्यासाठी वापरणार असाल तर माझी हरकत नाही. त्याने डाग जाईल असे मात्र मी म्हणणार नाही.

अनया_न्यूजर्सी
१३ जून, पहाटे ४:१५

मी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि मलाही जबड्यावर असेच डाग आहेत. येथे टिंटेड सनस्क्रीन लावायला सांगतात. सनस्क्रीनला रंग असण्याचा डागांशी खरोखर काही संबंध आहे का, की ते केवळ मेकअपसारखे आहे? आणि माझ्यासाठी कोणता घटक सुरक्षित आहे?

वैशाली_त्वचारोग
१३ जून, रात्री ९:००

संबंध आहे, आणि आपल्या वर्णात तर विशेष आहे. आपण अतिनील किरणांचाच विचार करतो, परंतु डोळ्यांना दिसणारा उजेड, त्यातही निळा-जांभळा भाग, गडद त्वचेतील रंगपेशींना चेतवतो आणि तो रंग बराच काळ टिकतो. नेहमीचे पांढरे किंवा पारदर्शक सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही. लोह ऑक्साइड, म्हणजे ज्यामुळे सनस्क्रीनला मातकट रंग येतो ते द्रव्य, तो अडवते. म्हणून घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड पाहून घ्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांवर काढलेल्या दोन पूर्ण रेघा चेहरा आणि मानेला लागतात. त्यापेक्षा कमी लावले तर डबीवरचा आकडा आपल्याला मिळत नाही. दीर्घकाळ बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. मृदुला, पातळ सुती स्कार्फमधून उजेड आत येतो, आणि पावसाळी आभाळातूनही दाहाला पुरेशी किरणे येतात.

अनया, गरोदरपणात अॅझेलेइक अॅसिड सामान्यतः सुरक्षित मानले जाते. अॅडापलीन आणि ट्रेटिनॉइन लावू नयेत. हायड्रोक्विनोनही टाळावे, कारण लावल्यापैकी बराच भाग रक्तात उतरतो. तरीही तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना ट्यूब दाखवूनच सुरू करा.

मृदुला_क
३ जुलै, रात्री १०:०५

तीन आठवडे झाले. चुरचुरणे दहाव्या दिवशीच थांबले. साल निघत नाही. डाग मात्र आहेत तसेच आहेत. जबड्यावर एक नवा लहान मुरूम आला, तो मी हात न लावता बसू दिला. पुढे काय करावे?

वैशाली_त्वचारोग
४ जुलै, दुपारी १:२०

आता अॅझेलेइक अॅसिड. १५ टक्क्यांचे जेल किंवा २० टक्क्यांचे क्रीम, दोन्ही चालतील. तुमच्यासाठी ते निवडण्याचे कारण असे की ते मुरुमावर आणि डागावर एकाच वेळी काम करते. रंग बनवणारे विकर ते मंदावते, आणि ज्या पेशी अतिरिक्त काम करत आहेत त्यांच्यावर त्याचा परिणाम अधिक होतो. शेजारची निरोगी त्वचा त्याने पांढरी पडत नाही. हायड्रोक्विनोन केवळ ठिपक्यावर लावत राहिल्यास डागाभोवती फिकट कडे दिसू लागते, ती अडचण येथे नाही.

पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून लावा. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, दहा मिनिटांनी औषध. फक्त ठिपक्यांवर न लावता हनुवटी आणि जबड्याच्या संपूर्ण पट्ट्यावर पातळ लावा, कारण पुढचा मुरूम रोखणे हा डागाच्या उपचाराचाच भाग आहे. सुरुवातीला मुंग्या आल्यासारखी खाज येईल. पंधरा-वीस मिनिटांत ती विरली तर चालू ठेवा. आग सकाळपर्यंत राहिली, लाली टिकली किंवा डागाची कड पूर्वीपेक्षा गडद दिसली, तर थांबा आणि दोन दिवसांआडची पाळी धरा. सहा आठवडे हे नीट सोसले तर आठवड्यातून दोन रात्री ०.१ टक्के अॅडापलीन, मटाराच्या एका दाण्याएवढे, अॅझेलेइक नसलेल्या रात्री. ते पेशींचा वरचा प्रवास जलद करते, परंतु घाई केली तर त्याचाच दाह नवे डाग देतो. गर्भधारणेचा विचार असेल तर अॅडापलीन सुरूच करू नका.

आणि रोज आरशात पाहू नका. एवढा हळू बदल रोजच्या नजरेला कळत नाही. आज एका खिडकीपाशी, एका ठरावीक वेळी, फ्लॅशशिवाय फोटो काढा. नंतर दर चार आठवड्यांनी तेथेच, त्याच वेळी. तुलना जुन्या डागाशी न करता डाग आणि त्याच्या शेजारची त्वचा यांतील अंतराशी करा.

सागर_सोलापूर
४ जुलै, रात्री ८:४५

हे वाचून मला एक विचारायचे आहे. माझ्या गालावर तीन ठिपके लालसर-गुलाबी आहेत, काळे नाहीत. मी त्यांना दोन महिने नायसिनामाइड लावत आहे. ते चुकीचे आहे का?

वैशाली_त्वचारोग
५ जुलै, दुपारी १:१५

काचेचा स्वच्छ, पारदर्शक पेला त्या ठिपक्यावर हलका दाबून आरशात पाहा. दाबल्यावर लाली नाहीशी झाली आणि पेला उचलताच परत आली, तर तो रंग मेलॅनिनचा नाही, फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आहे. तेथे रंग उतरवणारी औषधे काम करत नाहीत. बहुतेक वेळा ती लाली काही महिन्यांत आपोआप ओसरते. तपकिरी डाग पेल्याखालीही तपकिरीच राहतो.

सागर_सोलापूर
५ जुलै, रात्री ९:१०

पाहिले. दोन नाहीसे होतात. तिसऱ्याची लाली जाते, पण खाली फिकट तपकिरी छटा राहते.

वैशाली_त्वचारोग
६ जुलै, दुपारी २:००

मग तिसऱ्यात दोन्ही आहेत. आपल्याकडे असे मिश्र डाग पुष्कळ दिसतात.

रेवा_अमरावती
६ जुलै, रात्री १०:३०

डॉक्टर, स्टेरॉइड नसलेले नुसते हायड्रोक्विनोन कसे आहे? माझ्या बहिणीला तिच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि ती माझा अनुभव पाहून घाबरली आहे.

वैशाली_त्वचारोग
७ जुलै, दुपारी १:४०

डॉक्टरांनी दिले असेल तर तिने घाबरू नये. २ ते ४ टक्क्यांचे हायड्रोक्विनोन हे आजही आमच्याजवळचे सर्वांत जुने आणि परिणामकारक औषध आहे. त्याची मर्यादा काळाची आहे. साधारण तीन-चार महिन्यांनी थांबावे लागते. वर्षानुवर्षे, जास्त तीव्रतेचे आणि उन्हात लावत राहिल्यास त्वचेत निळसर-काळा रंग कायमचा बसतो. दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांमध्ये हा विकार १९७५ साली प्रथम नोंदवला गेला. ज्यासाठी औषध लावले तेच त्यातून अधिक गडद होऊन परत येते, आणि ते उतरवणे जवळजवळ अशक्य असते. बहिणीने पुढची तपासणी कधी आहे ते विचारून ठेवावे आणि तारीख उलटल्यावर तीच चिठ्ठी दाखवून नवी ट्यूब आणू नये.

मृदुला_क
३१ ऑगस्ट, रात्री ९:५०

आठ आठवड्यांची नोंद. चौथ्या आठवड्याच्या फोटोत काहीच फरक दिसला नव्हता आणि मी जवळजवळ सोडून देणार होते. आज आठव्या आठवड्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला, तेव्हा हनुवटीवरचे दोन ओळखू येतात एवढेच उरले आहेत. जबड्यावरचे तीन तपकिरी डाग फिके झाले आहेत. अॅडापलीन दोन आठवड्यांपूर्वी सुरू केले. मधल्या एका आठवड्यात उत्साहाने सलग तीन रात्री लावले, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा पडल्या आणि पाच दिवस सगळे बंद ठेवावे लागले. सनस्क्रीनचा सकाळी कंटाळा येत नाही, पण दुपारी ऑफिसमध्ये दुसऱ्यांदा लावणे जमत नाही.

मेधा_औषधनिर्माण
१ सप्टेंबर, सकाळी ८:३०

दिवसभर खिडकीपासून दूर, आत बसणार असाल तर दुपारचा थर चुकला म्हणून काळजी करू नका. संध्याकाळी उन्हे असताना निघणार असाल, तर निघण्यापूर्वी लावा. ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांखाली आधी व्हॅसलिनचे बोट फिरवा आणि मग अॅडापलीन लावा. औषध पसरत तेथेच जाते आणि तेथेच त्वचा सर्वांत पातळ असते.

मृदुला_क
२६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

सोळा आठवडे पूर्ण झाले. पाच तपकिरी डागांपैकी चार गेले, पाचवा बारकाईने पाहिल्यावरच दिसतो. उजव्या जबड्याखालचे राखाडी दोन मात्र पहिल्या फोटोत आहेत तसेच आहेत. कदाचित कडा थोड्या मऊ झाल्या असतील, पण ते माझ्या मनाचेही असू शकेल. डॉक्टर, यांच्यासाठी आणखी काही लावावे का? ट्रॅनेक्सामिक अॅसिडविषयी बरेच वाचते आहे.

वैशाली_त्वचारोग
२७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

चार गेले आणि दोन राहिले, यावरूनच ते दोन खाली उतरलेले असावेत ही शंका बळावते. अॅझेलेइक, नायसिनामाइड, अॅडापलीन ही सर्व औषधे वरच्या थरात काम करतात. खाली सफाईपेशींनी गिळलेल्या रंगापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. तो रंग शरीरच हळूहळू वाहून नेते, आणि त्याला एक वर्ष लागेल की चार, हे मी सांगू शकत नाही. ट्रॅनेक्सामिक अॅसिडचा अनुभव मुख्यतः वांगावर आहे. मुरुमांच्या डागांवर, त्यातही खोल डागांवर, ते कितपत चालते याबद्दल आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. लावायचे असेल तर नुकसान फारसे नाही, पण त्याच वेळी दुसरे काही नवे सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

या दोन डागांसाठी अॅझेलेइकची तीव्रता वाढवू नका. ते आठवड्यातून तीन रात्री मुरूम रोखण्यापुरते ठेवा, अॅडापलीन आहे तसे, आणि टिंटेड सनस्क्रीन चालू. एकदा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवून या, कारण राखाडी रंगाची दुसरीही काही कारणे असतात आणि ती फोटोवरून वगळता येत नाहीत.

मृदुला_क
२७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. पाचही फोटो छापून नेते, म्हणजे त्यांना क्रम दिसेल.

अनया_न्यूजर्सी
२८ ऑक्टोबर, पहाटे ५:०५

मुलगी दहा दिवसांची झाली. अॅझेलेइक पूर्ण काळ चालू होते, डाग निम्म्याने उतरले. आता बाळाला पाजत असताना अॅडापलीन सुरू करता येईल का, हा माझा पुढचा प्रश्न आहे.

वैशाली_त्वचारोग
२८ ऑक्टोबर, दुपारी १:३०

अभिनंदन. त्वचेतून रक्तात फार थोडे उतरते, त्यामुळे काही डॉक्टर परवानगी देतात, काही देत नाहीत. मी स्वतः या काळात अॅझेलेइकवरच थांबते. तेही बाळाचे तोंड किंवा गाल टेकतील अशा जागी लावू नका आणि लावल्यावर हात धुऊनच बाळाला घ्या.